‘आपल्या चुकीमुळे’: माफीच्या एका ईमेलची दुरुस्ती

‘माझी चूक कोणती, ते कळले नाही.’

सांगलीच्या काकूंच्या उत्तरातलं हे पहिलं वाक्य. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, मी ठाण्याला नौपाड्यात मामीकडे जेवायला बसलो होतो आणि हात धुवायच्या आधी फोन बघितला, तर हे. पुढे लिहिलं होतं : ‘मी समयांचीच ऑर्डर दिली होती. पावती सोबत जोडली आहे. तिसऱ्याच गृहस्थांचे नाव आणि फोन तुम्ही मला का कळवला, तेही समजले नाही. आमची वास्तुशांत २४ तारखेला आहे.’

मी रबाळे एमआयडीसीत तांब्या-पितळेची भांडी आणि पूजेचं सामान ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो. आम्ही सगळे मिळून अकरा जण. माल बाहेर पाठवण्याचं काम माझ्याकडे आणि ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्याचंही माझ्याकडेच. इंग्रजी आणि हिंदी उत्तरांचे नमुने तयार आहेत; मराठीतून तक्रार आली की मात्र ज्याच्या वाट्याला येईल त्याने मनाने लिहायचं. या काकूंनी शुद्ध, नीटस मराठीत तक्रार केली होती. १२ इंची पितळी समयांची जोडी मागवली होती आणि खोक्यात निघाली तांब्याची बाटली आणि चार पेले. सोबत फोटो होते : खोक्यावर काकूंच्या नावाचं लेबल, आत नाशिकच्या एका ग्राहकाचं बिल.

तक्रार १० तारखेला संध्याकाळी आली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. ते ४८ तास माझ्या डोक्यात बसलेले. ११ तारखेला दिवसभर सवड झाली नाही. सुटल्यावर पॅकिंगच्या मुलाला फोन लावला, तो म्हणाला, ‘दादा, आपल्याच चुकीनं झालं ते, लेबलं बदलली असतील.’ रबाळ्याला लोकल पकडली, ऐरोलीपर्यंत बसायला जागा मिळाली नाही, तिथे मिळाली. आणि दिघा ते ठाणे एवढ्या वेळात मी फोनवर हा ईमेल लिहून पाठवून दिला. जसा गेला तसाच इथे देतो, फक्त नावं गाळून :

‘विषय : ऑर्डर संदर्भात

प्रिय ग्राहक,
आपला ईमेल मिळाला. आपल्या चूकीमुळे आपल्याला चूकीची वस्तू पाठवल्या गेली आहे. तुम्हाला काही त्रास झाला असल्यास त्या असुविधेसाठी आम्ही क्षमस्व आहोत. सदर पार्सल नाशिकचे श्री. ... (मोबाइल ...) यांचे आहे. आपण ते परत पाठवावे, प्राप्त होताच योग्य वस्तू लवकरात लवकर पाठवण्यात येईल. आपल्या सहकार्यासाठी धन्यवाद.’

माझी मामी सत्तावीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने चष्मा लावला, दोन्ही ईमेल वाचले आणि पहिल्यांदा काय म्हणाली, तर ‘जेव आधी. भात गार होतोय.’ मग पान बाजूला सारून टेबल पुसलं आणि पाठकोऱ्या कागदावर माझा ईमेल हाताने उतरवून काढला. वाक्य हाताने लिहिलं की त्यात काय दडलंय ते दिसतं, ही तिची जुनी सवय.

तिने पहिली खूण केली ती ‘आपल्या चूकीमुळे’वर.

‘हे कुणाची चूक सांगतंय?’

‘आमची.’

‘मग “आमच्या” का नाही?’

मी म्हटलं, पॅकिंगचा मुलगा असंच म्हणाला, तेच लिहिलं. मामी म्हणाली, ‘तो तुझ्याशी बोलत होता. तुम्ही दोघं एका बाजूला, म्हणून “आपल्या” म्हणजे तुझ्या आणि माझ्या. अगदी बरोबर बोलला तो. तेच वाक्य तू बाईंना लिहिलंस आणि त्यातलं माणूस बदललं.’

मग तिने कागदावर तीन वाक्यं लिहिली. ‘आपण उद्या नाटकाला जाऊ.’ ‘आपण कधी आलात?’ ‘त्याने आपलं काम केलं.’ पहिल्यात आपण म्हणजे मी आणि तू, दोघं मिळून. दुसऱ्यात आपण म्हणजे समोरचं मान द्यायचं माणूस. तिसऱ्यात आपलं म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. घरात, कचेरीत हे इतकं सहज चालतं की लक्षातही येत नाही. पण ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात, जिथे दुसऱ्याच ओळीत ‘आपला ईमेल मिळाला’ असं आदराने म्हटलंय, तिथे वाचणारा पुढचा प्रत्येक ‘आपल्या’ स्वतःवरच घेणार. काकूंनी तसा घेतला. त्यांचं वाचन चुकलं नव्हतं. माझ्या वाक्याचा दुसरा अर्थ लागतच नव्हता.

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. चुकीची वस्तू गेली हा एक त्रास. वर आम्ही त्यांनाच दोषी ठरवलं आणि शेवटी सहकार्यासाठी आभारही मानले.

मामी म्हणाली, ‘पूर्ण पत्र नंतर. आधी दोन ओळी आत्ता पाठव.’ तिने सांगितलं, मी टाइप केलं : ‘तुमचा ईमेल वाचला. चूक तुमची नाही, पूर्णपणे आमची आहे. माझे वाक्य चुकीचे लिहिले गेले होते. सगळी माहिती घेऊन उद्या दुपारी २ पर्यंत सविस्तर लिहितो.’ मग तिने ‘लिहिले गेले होते’वर बोट ठेवलं. ‘आपोआप लिहिलं गेलं का ते?’ मी ‘मी वाक्य चुकीचे लिहिले’ केलं आणि पाठवलं. पोच आणि माफी ही दोन वेगळी पत्रं असतात, हे मला त्या रात्री कळलं. ४८ तासांच्या आत द्यायची असते ती पोच, आणि ती दोन ओळींची असली तरी पुरते. मी पोच द्यायच्या घाईत माफी लिहून मोकळा झालो होतो, तेही काय घडलं हे नीट माहीत नसताना.

आता ‘पाठवल्या गेली’. मी मूळचा अमरावतीचा. आमच्याकडे ‘सांगितल्या गेलं’, ‘केल्या गेलं’ असंच बोलतात, आणि नऊ वर्षं ठाण्यात काढूनही माझ्या तोंडी ते येतं. मामीने ते अशुद्ध म्हटलं नाही. ‘तुझ्या घरी ते बरोबरच आहे,’ ती म्हणाली, ‘पण सांगलीच्या बाईंना ते अडखळेल. त्यांच्या कानाला “पाठवली गेली” लागतं. आणि मला तेही नकोय.’ कारण पुन्हा तेच. पाठवली गेली, पाठवण्यात आली, चूक झाली : या सगळ्या क्रियापदांत करणारा माणूस गायब असतो. सरकारी पत्रात ते खपतं. माफी मागताना करणारा माणूस वाक्याच्या सुरुवातीला उभा राहायला हवा. ‘तुम्ही समया मागवल्या आणि आम्ही पेले पाठवले.’ एवढंच. मला ते फार उघडंवाघडं वाटलं. तसं मी बोललोही. मामी म्हणाली, ‘घडलंय तेवढंच लिहिलंय की.’

त्याच ओळीत ‘चूकीमुळे’ आणि ‘चूकीची’ दोन्हीकडे चू दीर्घ होता. शब्द ‘चूक’ असा दीर्घच आहे, पण त्याला प्रत्यय लागला की तो ‘चुकी’ होतो. चुकीमुळे, चुकीची, चुकीबद्दल. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत आहे हे : शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर प्रत्यय लागताना ते बहुधा ऱ्हस्व होतं. फूल, फुलाचा, मूल, मुलाचा. मामीचं म्हणणं, माफीच्या पत्रात निदान ‘चूक’ हा शब्द तरी बिनचूक असावा, कारण वाचणाऱ्याची नजर नेमकी त्याच शब्दावर थांबलेली असते. उरलेल्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल ती त्या रात्री फारशी बोलली नाही.

तिसरं वाक्य तिने सगळंच खोडलं. त्यात मला वाटत होतं त्यापेक्षा जास्त गोष्टी बिघडल्या होत्या.

‘त्रास झाला असल्यास’ : काकूंनी त्रास झाल्याचं लिहूनच कळवलं होतं, तरी मी ‘असल्यास’ म्हणत होतो. म्हणजे त्यांच्या म्हणण्यावर मी शंका घेत होतो. ‘असुविधेसाठी’ : हे हिंदी पाट्यांवरून आलेलं. मराठीत त्याला ‘गैरसोय’ हा रोजचा शब्द आहे. आणि ‘साठी’ हेतू दाखवतो. देवासाठी फुलं, मुलासाठी खाऊ. माफी कशाबद्दल ते सांगायला ‘बद्दल’ लागतं. गैरसोयीबद्दल माफी. सहकार्याबद्दल आभार. मी दोन्हीकडे ‘साठी’ लिहिलं होतं, आणि मागचे जुने ईमेल उघडून पाहिले तर तिथेही सगळीकडे ‘साठी’च.

‘आम्ही क्षमस्व आहोत’वर मामी थोडी जास्त थांबली, कारण छापखान्यात तिने हे आयुष्यभर दुरुस्त केलं होतं. क्षमस्व हे संस्कृत क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘क्षमा कर’. ते समोरच्याला उद्देशून असतं. त्यामुळे ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढं लिहिलं तर ठीक, पण ‘आम्ही क्षमस्व आहोत’ म्हणजे ‘आम्ही क्षमा कर आहोत’. मी विचारलं, मग ‘दिलगीर आहोत’ लिहू का? ती म्हणाली, ‘दिलगीर म्हणजे वाईट वाटतंय. गाडी उशिरा आली तर स्टेशनमास्तर दिलगीर असतो, गाडी त्याने थांबवलेली नसते. इथे लेबल तुम्ही लावलंत. माफी माग.’ या फरकाबद्दल मी नंतर बराच विचार केला आणि मला तो पटतो. रस्ता बंद झाला, पावसाने माल अडकला, कुरियरचा संप झाला, तर दिलगिरी. आमच्या हातून झालं तर माफी. दोन्हीला एकच शब्द वापरला की ग्राहकाला कळत नाही आपण जबाबदारी घेतोय की नुसती हळहळ व्यक्त करतोय.

मग ‘प्रिय ग्राहक’. काकूंचं पूर्ण नाव ऑर्डरवर होतं, तरी मी त्यांना ग्राहक म्हटलं. मी ‘श्रीमती’ लिहिणार होतो, मामीने थांबवलं. कार्यालयीन पत्रात श्रीमती कुणालाही चालतं, पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्या बायकांच्या मनात सौ. म्हणजे नवरा असलेली आणि श्रीमती म्हणजे विधवा, हा अर्थ अजून पक्का आहे. ‘त्यांच्याकडे वास्तुशांत आहे. जोडीने पूजेला बसणार असतील. तुझ्या श्रीमतीने त्यांना काय वाटेल?’ सौ. लिहावं तर ते तरी आम्हाला कुठे ठाऊक होतं. म्हणून नुसतं पूर्ण नाव, पुढे ‘यांस’, आणि खाली ‘सप्रेम नमस्कार’. यात कुणाला काही लागत नाही आणि मानही राहतो.

एक आणखी ठरलं. मी ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ एकाच ईमेलमध्ये आलटून पालटून वापरले होते. मामीने काकूंचा ईमेल पुन्हा वाचला. त्यांनी आम्हाला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. ‘मग तूही तुम्हीच म्हण, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्हीत मान आहेच, आणि एवढं झाल्यावर या पत्रात आपण-आपल्या येऊच नये.’ फक्त सहीच्या वरचं ‘आपला’ तिने राहू दिलं. ते ठरीव आहे, तिथे दुसरा अर्थ लागत नाही.

इथवर भाषा झाली होती. मला वाटलं आता ती नवं पत्र सांगेल. तिने कागदावर तीन प्रश्न लिहिले. बाईंच्या समया आत्ता कुठे आहेत? नव्या कधी निघणार? पेले न्यायला कोण येणार? ‘याची उत्तरं नसतील तर पत्र लिहू नकोस.’ माझ्याकडे एकाचंही नव्हतं.

१२ तारखेला मी साडेआठलाच रबाळ्याला पोचलो. समया नाशिकला गेल्या असतील असा अंदाज होता, पण नाशिकच्या ग्राहकाची काहीच तक्रार नव्हती. खात्री कुरियरच्या पोर्टलवर मिळाली. तिथे ‘Weight Discrepancy’ या रकान्यात नाशिकच्या पार्सलची नोंद होती. हा रकाना आम्ही महिन्यातून एकदा बघतो, बिल तपासताना.

त्याचं गणित असं. कुरियर दोन वजनं बघतो. एक काट्यावरचं खरं वजन आणि दुसरं आकारमानावरून काढलेलं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. दोघांत जे जास्त त्यावर पैसे, आणि तेही अर्ध्या किलोच्या टप्प्याने. समया उघडून भागाभागांत ठेवतात. बैठक वेगळी, दांडा वेगळा, वरची वातींची ताटली वेगळी. त्यामुळे समयांची जोडी आणि बाटली-पेल्यांचा संच, दोन्ही आमच्याकडे एकाच मापाच्या खोक्यात जातात : ३५ × २० × १२. गुणाकार ८४००, भागिले ५०००, म्हणजे १.६८ किलो. पेल्यांचं खरं वजन १.१ किलो, म्हणून त्या पार्सलला १.६८ धरून दोन किलोचा दर लागायला हवा होता. कुरियरने काट्यावर घेतलं तेव्हा भरलं २.६ आणि त्याने तीन किलोचा दर लावला. २.६ हे आमच्या समयांच्या जोडीचं खोक्यासकटचं वजन. समया नाशिकला गेल्या होत्या, यात आता शंका उरली नाही.

सांगलीच्या पार्सलबद्दल पोर्टलवर अवाक्षर नव्हतं. तिथे आम्ही २.६ लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात कमी भरलं. वजन कमी भरलं तर कुरियर कळवत नाही, आपण दिलेलं जास्तीचं बिल तसंच राहतं. म्हणून अदलाबदल झाली की तिची खूण दोन पार्सलांपैकी एकावरच दिसते, जास्त वजनाच्या. ज्यांनी समया मागवल्या होत्या त्यांच्या नोंदीत शोधत बसलो असतो तर काहीच सापडलं नसतं.

लेबलं कशी बदलली तेही मुलाबरोबर टेबलापाशी उभं राहून बघितलं. तो चार-चार ऑर्डरींची लेबलं एकदम छापतो, खोकी बंद करून ओळीने ठेवतो आणि मग लेबलं चिकटवतो. सारखी खोकी शेजारी आली आणि आत काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग नाही. आता तो खोकं उघडं असतानाच आतल्या बिलावरचा ऑर्डर क्रमांक लेबलशी ताडतो, लेबल लावतो आणि मग टेप मारतो. त्याला मी रागावलो नाही. चूक कबूल करायला त्याने एक क्षणही घेतला नव्हता. शब्द मी बिघडवला होता.

नवी जोडी माझ्यासमोर भरली, काट्यावर ठेवली, २.६ भरली, आणि साडेबाराच्या गाडीने गेली. पेले परत आणायचा पिकअप नोंदवला. मालकांना विचारलं की पेले परत येईपर्यंत थांबायचं का. ते म्हणाले, अजिबात नाही. माझ्या पहिल्या ईमेलमध्ये मी स्वतःच्या मनाने काकूंना अट घातली होती, की आधी तुम्ही परत पाठवा, मग आम्ही देऊ. चुकीची वस्तू आम्ही पाठवायची आणि खटपट त्यांनी करायची, हे मी कशाच्या जोरावर लिहिलं ते मला आजही सांगता येत नाही.

दीड वाजता मामीला फोनवर मसुदा वाचून दाखवला. तिने दोन बदल सुचवले. मी लिहिलं होतं, ‘१५ तारखेला नक्की पोहोचेल.’ ती म्हणाली, गाडी तू चालवतोस का? जे आपल्या हातात आहे ते ठामपणे लिही, जे दुसऱ्याच्या हातात आहे ते त्याच्या नावाने लिही, आणि ते नाही झालं तर तू काय करशील ते लिही. दुसरा बदल विषयाच्या ओळीत : ‘ऑर्डर संदर्भात’ यावरून काहीच कळत नाही. २४ तारखेची काळजी लागलेल्या माणसाला ईमेल न उघडताही दिसायला हवं की समया निघाल्या.

एक वाजून पन्नास मिनिटांनी हा ईमेल गेला :

‘विषय : तुमच्या समया आज निघाल्या, चुकीच्या पार्सलबद्दल माफी

... यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही १२ इंची पितळी समयांची जोडी मागवली होती आणि आम्ही तुम्हाला तांब्याची बाटली आणि पेले पाठवले. ही चूक आमची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. पॅकिंग करताना आम्ही सारख्या दिसणाऱ्या दोन खोक्यांवरची लेबले उलटसुलट लावली. त्यामुळे तुमच्या समया दुसऱ्या गावी गेल्या.

काल मी ‘आपल्या चुकीमुळे’ असे लिहिले. मला ‘आमच्या’ लिहायचे होते. तुमची कोणतीही चूक नव्हती. त्या शब्दाने तुमचे मन दुखावले, त्याबद्दल मी स्वतः माफी मागतो.

समयांची नवी जोडी आज दुपारी साडेबाराला आमच्याकडून निघाली आहे. कुरियरने १५ तारखेपर्यंत सांगलीला पोहोचवू असे कळवले आहे. १६ तारखेला सकाळी ११ पर्यंत ती तुमच्या हाती आली नाही, तर मी तुम्हाला फोन करीन आणि त्याच रात्रीच्या बसने दुसरी जोडी पाठवीन. २४ तारखेच्या आत समया तुमच्या घरी असतील, ही जबाबदारी आमची.

तुमच्याकडे आलेले पार्सल न्यायला कुरियरचा माणूस १४ तारखेला येईल. लेबल तोच आणेल. तुम्हाला काही छापायचे नाही आणि पैसेही द्यायचे नाहीत. ती वेळ सोयीची नसेल तर सोयीचा दिवस कळवा. खोक्यातले बिलही कृपया त्याच्याकडेच द्या.

दुसऱ्या ग्राहकाचे नाव आणि फोन क्रमांक मी तुम्हाला कळवायला नको होता. तो ईमेल कृपया काढून टाका.

आपला,
...
(माझा थेट फोन : ...)’

शेवटून दुसरा परिच्छेद लिहिताना मी अडखळलो होतो. काकूंनी विचारलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. आतल्या बिलावर त्या गृहस्थांचं नाव होतंच, ते आमच्या चुकीने गेलं. पण मोबाइल क्रमांक मी वेगळा टाइप करून दिला, जणू दोघांनी आपसात बोलून वस्तू बदलून घ्यायच्या. बिलावरचं नाव आता परत मागता येतं. टाइप केलेला क्रमांक काढून टाका म्हणण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

समया १५ तारखेला दुपारी पोचल्या. काकूंचा ईमेल संध्याकाळी आला, दोन ओळींचा : ‘समया मिळाल्या. पितळ छान आहे. पेले तुमच्या माणसाने काल नेले.’ त्या खुश झाल्या की नाही, ते त्यातून कळत नाही, आणि ते त्यांनी मला सांगावं अशी अपेक्षाही नाही.

राहिले नाशिकचे गृहस्थ. त्यांच्याकडे काकूंच्या समया होत्या आणि त्यांनी अजून खोकंच उघडलं नव्हतं. कुणाला तरी भेट द्यायला मागवलं होतं, तसंच बांधून ठेवलं होतं. त्यांनी तक्रार केली नव्हती, म्हणून काकूंचा मसुदा जसाच्या तसा त्यांना चालला नसता. ‘तुम्हाला त्रास झाला’ म्हणायला त्यांना अजून त्रास झालाच नव्हता. उद्या ते भेट द्यायला जातील आणि चारचौघांत खोकं उघडेल तेव्हा होणार होता. म्हणून तिथे पहिलं वाक्यच वेगळं हवं होतं. मामीला न विचारता लिहिलं : ‘तुमच्याकडे आमचे जे खोके आले आहे ते कृपया उघडू नका आणि कोणाला देऊ नका, आम्ही त्यात चुकून दुसऱ्याची वस्तू पाठवली आहे. तुमचे पेले आज निघत आहेत.’ आणि मग खाली माफी. पाठवायच्या आधी ‘आपण’ आणि ‘आपल्या’ दोन्ही शब्द शोधून पाहिले. सापडले नाहीत. सहीच्या वर ‘आपला’ होता, तेवढाच.